तीनपैकी एक बाजूला ठेवताना: चालू कॉम्प्रेसरवरील बायपास आणि त्याची नोंद

कॉम्प्रेसरच्या बेअरिंगला तेल पुरवणाऱ्या मुख्य पाइपावर, म्हणजे ल्यूब ऑइल हेडरवर, दाब मोजणारे तीन ट्रान्समीटर होते आणि त्यांपैकी PT-4101C चे वाचन काही दिवसांपासून हळूहळू खाली सरकत होते. A आणि B हे दोघे 1.80 बारच्या आसपास स्थिर होते, जागेवरचा गेजही तेच सांगत होता, आणि C मात्र 1.62 वर आला होता. हेडरचा दाब 1.2 बारपर्यंत उतरला की अलार्म येऊन राखीव तेलपंप आपोआप सुरू व्हावा आणि 0.8 बारवर कॉम्प्रेसर ट्रिप व्हावा, अशी त्या यंत्राची रचना होती. ट्रिपचा निर्णय कोणा एकट्या ट्रान्समीटरच्या हाती नव्हता. तिघांपैकी दोघांनी ‘दाब कमी आहे’ असे मत दिले तरच यंत्र थांबणार होते.

C खाली सरकत होता, वर नव्हे, हे त्यातल्या त्यात बरे होते. खाली घसरणारा ट्रान्समीटर आज ना उद्या 0.8 च्या खाली जाऊन ट्रिपच्या बाजूने कायमचे मत देऊन बसतो. मग उरलेल्या दोघांपैकी एकाने क्षणभर जरी चूक केली तरी चांगले चाललेले यंत्र विनाकारण थांबते. नुकसान उत्पादनाचे होते, बेअरिंगचे होत नाही. वर सरकणारा ट्रान्समीटर मात्र खरा दाब पडला तरी ‘सारे ठीक’ असेच म्हणत राहतो, आणि तो दोष मागणीच्या क्षणापर्यंत कोणाच्याही डोळ्यांवर येत नाही. तिघांच्या वाचनात 0.1 बारपेक्षा जास्त तफावत आली की अलार्म देण्याची सोय होती म्हणूनच हा दोष दिसला. C बदलायचा, तोही यंत्र चालू असताना, असे ठरले आणि ते काम इन्स्ट्रुमेंट विभागातर्फे माझ्याकडे आले.

चालू यंत्रावर ट्रान्समीटर बदलायचा म्हणजे त्याचे मत काही काळ बाजूला ठेवावे लागते. ते करण्याच्या तीन वाटा सर्वांना माहीत असतात. पॅनेलमध्ये तारेचा तुकडा म्हणजे जंपर लावता येतो, इंजिनिअरिंग स्टेशनवरून त्या इनपुटला ठरावीक किंमत ‘फोर्स’ करता येते, किंवा लॉजिकमध्येच ठेवलेला बायपास किल्ली फिरवून घेता येतो. पहिल्या दोन वाटा झटपट आहेत आणि त्यांचा धोका त्या झटपटपणातच आहे. जंपर कोणत्याही अलार्मला दिसत नाही. फोर्स केलेली किंमत तर पडद्यावर खऱ्या वाचनासारखीच दिसते. दाब कोसळत असतानाही ऑपरेटरला 1.80 हाच आकडा शांतपणे दिसत राहतो. लॉजिकमधला बायपास तेवढेच करतो जेवढे हवे असते: वाचन खरेच राहते, अलार्म खरेच राहतात, 0.8 शी तुलना करून मत तयार होणेही चालू राहते, फक्त ते मत मोजणीत धरले जात नाही. बायपास तुलनेच्या आधी आहे की नंतर, हे लॉजिकच्या पानावर स्वतः पाहून घ्यावे असे माझे मत आहे, कारण पुढे नवा ट्रान्समीटर तपासताना याचाच उपयोग होतो.

त्या यंत्रावरची बायपास किल्ली स्वतः काहीच बायपास करत नव्हती. पॅनेलवरची किल्ली फिरवली की फक्त परवानगी मिळायची. कोणता ट्रान्समीटर बाजूला ठेवायचा ते ऑपरेटर पडद्यावरून निवडायचा. किल्लीचा संपर्क वेगळ्या तारेने थेट सेफ्टी कंट्रोलरमध्ये आणलेला होता, त्यामुळे पडद्याचा संगणक बंद पडला किंवा त्यातून चुकीची आज्ञा गेली तरी किल्ली परत फिरवून सगळे बायपास एकदम काढता येत होते. लॉजिक साधारण असे होते:

```
BYP_C := KEY_4101 AND CMD_BYP_C
         AND NOT BYP_A AND NOT BYP_B
         AND NOT BAD_A AND NOT BAD_B
         AND NOT DEV_AB;
```

यातली दुसरी ओळ एका गटात एका वेळी एकच बायपास होऊ देते. शेवटच्या दोन ओळींचा अर्थ असा की उरलेल्या A आणि B यांच्यापैकी एखाद्याचा सिग्नल बिघडला किंवा त्या दोघांत तफावत आली, तर बायपास आपोआप सुटतो. त्या वेळी C कडे दाब नेणारी नळी, म्हणजे इम्पल्स लाइन, रिकामी असल्यामुळे तो शून्य दाखवत असतो, म्हणजे ट्रिपच्या बाजूने मत देतो, आणि मग A किंवा B पैकी एकानेही दाब कमी सांगितला तरी यंत्र थांबते. उरलेल्या दोघांवरच विश्वास राहिला नाही, तर यंत्र थांबण्याच्या बाजूला झुकलेले बरे, हा त्यामागचा विचार आहे.

परवानगीसाठी गेलो तेव्हा शिफ्ट इनचार्जनी पहिला प्रश्न विचारला तो परमिसिव्हचा. “साहेब, बायपास असताना परमिसिव्ह गेले तर मशीन पडेल का?” प्रश्न रास्त होता, कारण पॅनेलवर हा घोळ नेहमी होतो. परमिसिव्ह ही सुरू होण्याची अट असते. आमच्या यंत्राला सुरू होण्यासाठी तेलाचे तापमान 35 अंशांच्या वर, दाब पुरेसा, अँटिसर्ज व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि ‘एकही बायपास चालू नाही’ अशा अटी होत्या. एकदा यंत्र फिरू लागले की या अटींकडे लॉजिक पाहत नाही. अँटिसर्ज व्हॉल्व्ह तर भार घेताना मिटतोच, म्हणजे ती अट मोडल्याशिवाय यंत्र कामच करू शकत नाही. चालू यंत्राला थांबवणारे इंटरलॉक वेगळे. म्हणून बायपास घेतल्याने यंत्र पडणार नव्हते, पण दुसऱ्या काही कारणाने ते पडले असते तर बायपास काढेपर्यंत पुन्हा सुरू झाले नसते. हे मी त्यांना आधीच सांगितले आणि अर्जावर लिहिलेही. नाहीतर ऐन घाईत, यंत्र का सुरू होत नाही म्हणून कोणी तरी ती परमिसिव्हच फोर्स करायला निघतो. परमिसिव्ह बायपास करण्याची मागणी मला एरवीही पटत नाही, कारण त्या वेळी यंत्र थांबलेलेच असते आणि मूळ दोष दुरुस्त करायला वेळ हाताशी असतो.

आता मुख्य मुद्दा. C चे मत मोजणीतून काढले म्हणजे उरलेले दोघे कसे मत देतात? याचे उत्तर दोन प्रकारचे असू शकते आणि ते प्रत्येक यंत्रागणिक बदलते. बायपास केलेल्या ट्रान्समीटरला लॉजिक ‘निरोगी’ समजत असेल, तर A आणि B या दोघांनीही कमी दाब सांगितल्याशिवाय ट्रिप होत नाही. त्याला ‘ट्रिप’ समजत असेल, तर दोघांपैकी एकाचे मत पुरते. आमच्या लॉजिकमध्ये पहिला प्रकार होता. विनाकारण ट्रिप नको म्हणून तो निवडला जातो, आणि त्याची किंमत काय हे आकड्यांत मांडल्याशिवाय कळत नाही.

समजा एका ट्रान्समीटरमध्ये न दिसणारा घातक दोष वर्षभरात होण्याची शक्यता शंभरात एक आहे आणि तिघांची चाचणी वर्षातून एकदा होते. तिन्ही एकाच कारणाने बिघडण्याची शक्यता तात्पुरती बाजूला ठेवली, तर नेहमीच्या सोप्या सूत्रांनुसार ‘तीनपैकी दोन’ ही रचना गरजेच्या क्षणी निकामी असण्याची सरासरी शक्यता दहा हजारांत एक येते. ‘दोनपैकी दोन’ झाल्यावर तीच शक्यता शंभरात एक होते, कारण आता दोघांपैकी एक जरी अडकला तरी संरक्षण गेले. शंभरपट फरक. उलट ‘दोनपैकी एक’ केले असते तर संरक्षण मूळ रचनेपेक्षाही थोडे चांगले झाले असते, फक्त खोट्या ट्रिपचा धोका वाढला असता. प्रत्यक्षात समान कारणाचे दोष हे अंतर कमी करतात, पण दिशा तीच राहते.

हा शंभरपट फरक ऐकून बायपास मुळीच घेऊ नये असे वाटते, पण वेळेचा हिशेब धरला की चित्र बदलते. वर्षाच्या 8760 तासांपैकी चारच तास ‘दोनपैकी दोन’ असेल, तर वर्षभराच्या सरासरी धोक्यात जेमतेम पाच टक्क्यांची भर पडते. तोच बायपास 30 दिवस राहिला तर सरासरी धोका सुमारे नऊपट होतो. म्हणजे बायपास घेतल्याने संरक्षण जेवढे दुबळे होते, त्याहून कितीतरी जास्त तो काढायचा राहून गेल्याने होते. आणि बायपासची नोंद प्रामुख्याने हेच रोखण्यासाठी असते.

आमच्या लॉगबुकात तोवर दिनांक, टॅग, कारण आणि सही एवढेच रकाने होते. त्यातून काय काढून ठेवले ते कळायचे, काय उरले ते कळायचे नाही. मी या अर्जापासून एक रकाना वाढवून घेतला: ‘बायपास असताना उरलेले संरक्षण’. शिफ्ट इनचार्जना तो आधी कागदी सोपस्कार वाटला. पण तो भरायला बसलो तेव्हा दोघांनाही लॉजिकचे पान उघडावे लागले, आणि तोच त्या रकान्याचा खरा उपयोग. त्या दिवशीची नोंद साधारण अशी होती: “PT-4101C चे मत बाजूला. ट्रिपसाठी A व B दोन्ही 0.8 बारखाली जाणे आवश्यक. 1.2 बारचा अलार्म व राखीव पंपाची सुरुवात कायम. A व B मध्ये 0.1 बारपेक्षा जास्त फरक आल्यास बायपास आपोआप सुटेल. यंत्र ट्रिप झाल्यास बायपास काढेपर्यंत सुरू होणार नाही. कमाल मुदत चार तास.”

पर्यायी उपाय म्हणून बहुतेक अर्जांत ‘ऑपरेटर लक्ष ठेवेल’ असे लिहिले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. तेलाचा दाब गेला तर बेअरिंगला इजा व्हायला काही सेकंद पुरतात; गेजकडे पाहणाऱ्या माणसाने ते ओळखून, खात्री करून, बटण दाबेपर्यंत तेवढा वेळ निघून जातो. म्हणून ऑपरेटरचे काम आम्ही वेगळे लिहिले: 1.2 बारचा अलार्म आला आणि राखीव पंप सुरू झाला नाही, तर कारण न शोधता यंत्र थांबवायचे. आणि राखीव पंप खरोखर सुरू होतो की नाही, हे बायपास घेण्याच्या आधी चाचणी करून पाहिले. दुबळ्या झालेल्या ट्रिपपर्यंत वेळच येऊ नये, याची ती तजवीज होती.

किल्ली शिफ्ट इनचार्जच्या कुलूपबंद पेटीतून निघाली, कंट्रोल रूममध्ये फिरवली गेली, ऑपरेटरने C निवडला. पडद्यावर बायपासचा अलार्म आला, पॅनेलवरचा दिवा लागला आणि घटनाक्रमाच्या यादीत 10:42:17 ही वेळ उमटली. हीच वेळ लॉगबुकात घेतली. मनगटावरच्या घड्याळाची नाही, कारण नंतर दोन्ही नोंदी ताडून पाहायच्या असतात. त्यानंतर लॉजिकच्या पानावर C चेच मत बाजूला पडले आहे आणि B चे नाही, हे डोळ्यांनी पाहिले. पडद्यावरचे बटण आणि लॉजिकमधला टॅग यांची अदलाबदल झालेली असू शकते, आणि ते कळण्याची सर्वांत वाईट वेळ म्हणजे C चा व्हॉल्व्ह बंद केल्यावरची.

जागेवर गेल्यावर असे दिसले की तिन्ही ट्रान्समीटर हेडरवरच्या एकाच टॅपिंगमधून दाब घेत होते. मतमोजणीच्या कागदावर तिघे स्वतंत्र होते, पाइपावर नव्हते. याचा धोका बायपास घेताना नसतो, परत जोडताना असतो. रिकाम्या इम्पल्स लाइनचा व्हॉल्व्ह झटकन उघडला तर तेल तिकडे धावते, सामाईक टॅपिंगमधला दाब क्षणभर खाली बसतो आणि A व B या दोघांनाही तो दिसतो. म्हणजे बायपासमुळे जी ट्रिप टाळायची, तीच आपल्या हाताने ओढवते, आणि घटनाक्रमात ती अगदी खरी, दोघांनी दिलेली ट्रिप म्हणून नोंदली जाते. म्हणून नवा ट्रान्समीटर बसवल्यावर त्याला जोडलेला व्हॉल्व्हचा ठोकळा म्हणजे मॅनिफोल्ड आधी हातपंपाने तेलाने भरून घेतला, हवा काढली, आणि मगच व्हॉल्व्ह पाव पाव आटा करत उघडला. मी व्हॉल्व्हवर आणि कंट्रोल रूममधला ऑपरेटर वॉकीटॉकीवर A चे आकडे वाचत होता. A जास्तीत जास्त 0.03 बारने हलला.

नवा ट्रान्समीटर 0 ते 4 बार श्रेणीचा आहे, ही खात्री कारखान्याच्या पट्टीवरून नव्हे तर प्रवाह मोजून केली. 4 ते 20 मिलीअँपिअरच्या सिग्नलमध्ये 1.80 बारला 11.2 मिलीअँपिअर यायला हवे आणि तेवढे आले. समजा चुकून 0 ते 2.5 बारचा ट्रान्समीटर लागला असता, तर खरा दाब 0.8 वर असताना पडद्यावर जवळपास 1.28 दिसला असता आणि त्याने ट्रिपचे मत दिलेच नसते. म्हणून त्यानंतर, बायपास अजून चालू असताना, C चा व्हॉल्व्ह बंद करून व्हेंटमधून दाब हळूहळू सोडला आणि 0.80 च्या खाली गेल्याबरोबर त्याचे मत लॉजिकच्या पानावर उमटते का ते पाहिले. बायपास तुलनेनंतर असल्यामुळे मत दिसते, यंत्र मात्र थांबत नाही. बायपासच्या काळात करता येणारी ही सर्वांत मोलाची चाचणी आहे, आणि घाईत नेमकी हीच गाळली जाते.

मग लाइन पुन्हा तशीच सावकाश भरली. तिन्ही वाचने 0.02 बारच्या आत आली आणि C चे ट्रिपचे मत पूर्ण सुटले, हे दोन्ही पाहिल्यावरच पडद्यावरून बायपास काढला आणि त्यानंतर किल्ली. क्रम उलटा केला तरी लॉजिक बायपास काढतेच, पण पडद्यावरची आज्ञा तशीच चालू राहते आणि पुढच्या वेळी दुसऱ्याच कामासाठी किल्ली फिरवली की C चा बायपास न मागता लागतो. नोंद बंद करण्याची सही मी केली नाही. ज्याने काम केले नाही अशा माणसाने पडद्यावर बायपासची संख्या शून्य पाहून ती करावी, असे आम्ही ठरवले होते.

मुदत संपली की बायपास आपोआप सुटावा का, यावर आमच्यात बराच वाद झाला होता. स्टार्टअपच्या वेळी काही ट्रिप थोडा वेळ रोखून धरणारा जो ओव्हरराइड असतो, तो टायमरने आपोआप संपलाच पाहिजे, यात शंका नाही. देखभालीच्या बायपासचे मात्र वेगळे आहे: ट्रान्समीटर अर्धवट उघडा असताना तो अचानक सुटला तर खोट्या ट्रिपच्या अगदी काठावर यंत्र येते, आणि हे होईल या भीतीने माणसे मुदतच जास्त मागून घेतात. म्हणून मुदत संपल्यावर अलार्म पुन्हा वाजावा आणि तो बायपास काढेपर्यंत किंवा नवी मंजुरी मिळेपर्यंत कायमचा शांत करता येऊ नये, हे मला जास्त योग्य वाटले.

पुढे महिन्याअखेरीस लॉगबुक आणि घटनाक्रमाची यादी शेजारी ठेवून पाहिली. C ची नोंद दोन्हीकडे जुळली. न जुळणाऱ्या नोंदी दोन प्रकारच्या निघाल्या. काही बायपास यादीत होते आणि लॉगबुकात नव्हते. ते काही सेकंदांचेच होते, बहुधा पडद्यावर चुकीचा टॅग निवडून लगेच सुधारलेले. पण किल्ली त्या वेळी ‘चालू’ स्थितीत का होती, हा प्रश्न उरलाच, आणि त्यातून काम संपल्यावरही किल्ली पॅनेलमध्येच लावून ठेवण्याची सवय उघड झाली. दुसरा प्रकार जास्त गंभीर होता. एका कंपन-मापकाचा बायपास लॉगबुकात नीट लिहिलेला होता, त्याला मंजुरीही होती, आणि प्रत्येक पाळीत ‘काम चालू’ असे लिहून त्याला मुदतवाढ दिली गेली होती. एकेक नोंद नियमाप्रमाणे, आणि सगळ्या मिळून एक कायमचा बदल. आयईसी 61511 हे मानक बायपासला मंजुरी, मर्यादा आणि पर्यायी उपाय मागते. पाळीपाळीने वाढवलेली मुदत त्या मागणीतून सहज निसटते. त्यामुळे दुसऱ्या मुदतवाढीपासून अर्ज शिफ्टकडे न राहता बदल-व्यवस्थापनाच्या वाटेने जावा, आणि लॉगबुकात पहिल्या तासापासूनचे एकूण तास लिहिले जावेत, असा बदल झाला. एकूण तासांचा आकडा दिसू लागल्यावर कंपन-मापकाची केबल, जी भांडारात पडून होती, ती बदलली गेली.

सामाईक टॅपिंगचे काम चालू यंत्रावर होणारे नव्हते. ते पुढच्या शटडाउनच्या यादीत तीन वेगळी टॅपिंग आणि तीन वेगळे रूट व्हॉल्व्ह असे नोंदवले, आणि तोवर त्या हेडरवरच्या प्रत्येक बायपास अर्जात ‘मॅनिफोल्ड आधी भरून घेणे, व्हॉल्व्ह उघडताना A, B, C पैकी बायपास नसलेल्या दोघांचे वाचन ऐकत राहणे’ ही ओळ छापूनच टाकली. ‘उरलेले संरक्षण’ या रकान्यातही त्या तिघांना स्वतंत्र म्हणणे आम्ही थांबवले.